एक वाक्य, सहा चुका आणि लाल शाई

हे वाक्य पाहा.

दुसर्या वर्षाच्या विध्यार्थ्यासाठी प्राचार्याचे संशोधनपध्दतीवर महत्वाचे व्याख्यान आहे.

वाक्य मी उदाहरणासाठी रचले आहे, पण यातली एकही चूक मी कल्पनेतून काढलेली नाही. सूचनाफलक, निमंत्रणपत्रिका, परिपत्रके, उत्तरपत्रिका, कुठेही त्या भेटतात. प्रमाणलेखनाप्रमाणे वाक्य असे हवे:

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी प्राचार्यांचे संशोधनपद्धतीवर महत्त्वाचे व्याख्यान आहे.

आठ शब्दांत सहा चुका. चार जोडाक्षरांच्या, दोन अनुस्वारांच्या. तपासणारा सहा ठिकाणी सारखेच लाल वर्तुळ काढील आणि सारखेच गुण कापील. माझा आक्षेप या ‘सारखेच’ला आहे. या सहा चुकांची कारणे वेगळी आहेत, परिणाम वेगळे आहेत, आणि एक तर बहुधा लिहिणाऱ्याची चूकच नाही. तरी लोक सर्वांत जास्त हसतात ते ‘महत्व’ला, आणि सर्वांत कमी लक्ष देतात ते गळलेल्या अनुस्वाराकडे. हा क्रम उलटा करायला हवा, एवढेच मला म्हणायचे आहे. मात्र नुसते म्हणून भागणार नाही, वाक्य उघडून पाहावे लागेल.

अनुस्वारापासून सुरुवात करू. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. १९६२ साली चौदा नियम आले आणि १९७२ साली चार नियमांची भर पडली. त्यांनी अनुस्वारांची मोठी छाटणी केली. ‘नांव’, ‘पांच’, ‘केंस’, ‘घरें’ यांवरचे न उच्चारले जाणारे, व्युत्पत्तीच्या आधारावर उभे असलेले टिंब गेले. एक टिंब मात्र मुद्दाम राखले गेले. नामाच्या किंवा सर्वनामाच्या अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की त्या रूपावर अनुस्वार द्यायचा: लोकांना, घरांपुढे, त्यांच्यासाठी. आदरार्थी बहुवचनालाही तोच नियम लागू होतो: राज्यपालांनी, मुख्यमंत्र्यांचा.

हे टिंब राखण्याचे कारण कानात सापडत नाही. भरभर बोलताना ‘विद्यार्थ्यांसाठी’ आणि ‘विद्यार्थ्यासाठी’ यांतला फरक अनेकांच्या तोंडून ऐकूच येत नाही. कारण अर्थात आहे. ‘विद्यार्थ्यासाठी व्याख्यान’ म्हणजे एका विद्यार्थ्यासाठी व्याख्यान. व्याख्यानाच्या सूचनेत हे हास्यास्पद वाटेल आणि वाचणारा संदर्भाने सावरून घेईल. पण हाच प्रकार नियमावलीत येऊ द्या. ‘प्रवेश रद्द झाल्यास विद्यार्थ्याचे शुल्क परत केले जाईल’ आणि ‘प्रवेश रद्द झाल्यास विद्यार्थ्यांचे शुल्क परत केले जाईल’. पहिले वाक्य एकेका विद्यार्थ्याच्या प्रवेशाबद्दल आहे. दुसरे एका विद्यार्थ्याबद्दलचे आहे, की संपूर्ण तुकडीचा प्रवेश रद्द झाल्याबद्दलचे, असा प्रश्न उभा राहू शकतो. टिंब गळलेले आहे की मुद्दाम दिलेले नाही हे कागदावरून कळायला मार्ग नसतो. चूक अशी की तिच्यातून तयार झालेला शब्दही बिनचूक, फक्त वेगळा. म्हणूनच ती डोळ्यांना खुपत नाही आणि म्हणूनच ती धोक्याची आहे.

‘प्राचार्याचे’ची गोष्ट आणखी वेगळी. प्राचार्य एकच आहेत, तेव्हा एकवचन चुकीचे कसे, असे कोणी विचारील. व्याकरणाने ते चुकीचे नाहीच. पण मराठीत आदर क्रियापदाप्रमाणेच सामान्यरूपातही दिसतो. ‘प्राचार्य आले’ म्हणणाऱ्याने ‘प्राचार्याचे व्याख्यान’ लिहिले, तर अर्ध्या वाक्यात ‘अहो’ आणि अर्ध्या वाक्यात ‘अरे’ असा प्रकार होतो. लिहिणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. टिंब राहून गेलेले असते.

ते का राहते? या वाक्यात टिंब गळलेले दोन्ही शब्द पाहा. दोन्हींत त्याच अक्षरावर रफारही आहे: र्थ्यां, र्यां. रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर एकाच जागी, कान्याच्या डोक्यावर, एकमेकांना खेटून बसतात. हाताने लिहिताना रफाराचा बाक आणि टिंब एक होतात. छापील मजकुरात लहान टंक असेल तर टिंब रफाराच्या पोटात शिरते. तपासणाऱ्यालाही तेथे काहीतरी ‘वर आहे’ एवढेच दिसते आणि नजर पुढे सरकते. त्यामुळे अनुस्वार तपासायचे असतील तर वाक्य नेहमीसारखे वाचून उपयोग नाही. प्रत्यय लागलेले प्रत्येक नाम वेगळे काढून ‘एक की अनेक, की आदरार्थी?’ असे विचारायचे. मुद्रितशोधनाच्या कामात मी एक फेरी फक्त यासाठी ठेवतो, आणि इतर कोणत्याही फेरीपेक्षा तिच्यात जास्त सापडते.

‘संशोधन’वरचे टिंब वेगळ्या जातीचे. ते उच्चारातले आहे: सम् आणि शोधन मिळून झालेल्या शब्दातले. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्यापूर्वी येणारा अनुस्वार टिंबानेच दाखवायचा. संयम, संवाद, वंश, सिंह येथे दुसरा पर्याय नाही, ‘सन्शोधन’ चालणार नाही. पर्याय आहे तो क पासून म पर्यंतच्या पाच वर्गांतील व्यंजनांपूर्वी, आणि तोही संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत. ‘संबंध’ लिहा किंवा ‘सम्बन्ध’, दोन्ही नियमात बसतात. म्हणून ‘सम्बन्ध’वर लाल शाई चालवणाऱ्याने आधी नियम वाचावा. कधी हा पर्याय अर्थ वेगळा करण्यासाठी कामीही येतो: ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये, ‘वेदान्त’ म्हणजे ते दर्शन. पण ‘आंबा’ला ‘आम्बा’ करण्याची मुभा नाही, कारण तो तत्सम शब्द नव्हे.

आता जोडाक्षरे. ‘पध्दत’ आणि ‘विध्यार्थी’ या दोन चुका एकाच घरातल्या दिसतात, तरी त्यांची मुळे निराळी आहेत. ‘विध्यार्थी’त द्य च्या जागी ध्य आले. ही चूक आकारामुळे होते. द्य या जोडाक्षरात द आणि य असे एकजीव होतात की त्यातला द वेगळा ओळखता येत नाही, आणि कोणाला तेथे ध दिसतो. उच्चाराने ती लगेच पकडता येते: ‘विद्या’ आणि ‘ध्यान’ एकापाठोपाठ मोठ्याने म्हणा. ज्याला ऐकू येते त्याला नियम सांगावा लागत नाही. हिच्यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही.

‘पध्दत’चे तसे नाही. येथे द आणि ध दोन्ही आहेत, फक्त क्रम उलटा झाला आहे. पद् आणि हति मिळून पद्धति झाले. द् नंतर आलेल्या ह चा ध झाला. उद् आणि हार यांचा उद्धार होतो तसेच. म्हणजे द् आधी, ध नंतर. ‘शुद्ध’, ‘बुद्ध’, ‘युद्ध’ येथे गंमत अशी की मूळ धातू शुध्, बुध्, युध् आहेत. त्यामुळे ज्याला थोडे व्याकरण येते तोच कधी कधी फसतो: धातूत ध् आहे, मग पाय मोडलेला ध् आधी हवा, नाही का? नाही. शुध् ला त लागला की त चा ध होतो आणि आधीच्या ध् चा द् होतो. संस्कृतात अशा ठिकाणी एका महाप्राणाला, म्हणजे ध सारख्या ह मिसळलेल्या व्यंजनाला, लागून दुसरा महाप्राण टिकत नाही, पहिला अल्पप्राण होतो, म्हणजे त्यातला ह जातो. म्हणून तत्सम शब्दांत ‘ध्द’ हे जोडाक्षर सापडणारच नाही. लिहिलेले दिसले की डोळे झाकून चूक म्हणावे.

पण हा नियम तत्सम शब्दांपुरताच. मराठीचे स्वतःचे शब्द महाप्राणाला महाप्राण जोडून लिहिले जातात: चिठ्ठी, लठ्ठ, मठ्ठ, सख्खा. येथे संस्कृतचा नियम लावून ‘चिट्ठी’ करणारे भेटतात. हिंदीत ते बरोबर आहे, मराठीत नाही. उच्चार तपासायचा तर दोन्हीकडे कान सारखेच सांगतो. भेद आहे तो लेखनपरंपरेत.

‘ध्द’ इतके का पसरले? याचे मुख्य कारण मला अज्ञानात नव्हे, द च्या आकारात दिसते. देवनागरीत ज्या अक्षराला उजवीकडे दंड असतो त्याचे अर्धे रूप दंड काढला की तयार होते: ध, त, न, म, स. द ला तसा दंड नाही. त्याचे अर्धे रूप करायचे तर पाय मोडावा लागतो किंवा पुढचे अक्षर त्याच्या पोटाखाली लटकवावे लागते. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र कळ देणे शक्य नव्हते. अर्धा ध आणि पूर्ण द ही जोडी हाताला सोपी, आणि दिसायलाही जवळची. लटकत्या ध ला पाहून ‘वरचे पूर्ण, खालचे अर्धे’ असा समज करून घेणाऱ्यांनीही हातभार लावला. खरे तर देवनागरीत वरचे ते आधीचे. आकाराची आणखी एक गल्लत ‘उद्घाटन’ला भोवते. लटकणारे घ आणि ध लहान आकारात इतके सारखे दिसतात की कोनशिलेवरही ‘उद्धाटन’ कोरलेले आढळते.

पडद्यावर क्रम तपासायची सोपी युक्ती आहे. जोडाक्षरानंतर कर्सर ठेवून मागे खोडणारी कळ एकदा दाबा. बहुतेक ठिकाणी शेवटचे व्यंजन आधी जाते. ‘द्ध’मधून ध गेला आणि पाय मोडलेला द् उरला तर क्रम बरोबर. ध् उरला तर चूक. याच युक्तीने आणखी एक गैरसमज दूर होतो. काही टंकांत ‘द्ध’ लटकत्या रूपात दिसतो, काहींत पाय मोडलेला द् आणि शेजारी ध असा सुटा दिसतो. त्यामागची अक्षरे तीच असतात. सुटे रूप पाहून ‘जोडाक्षर चुकले’ म्हणणारा टंकाच्या दोषाचा दंड लेखकाला करत असतो.

आता ‘दुसर्या’. मराठीत र् पुढच्या य किंवा ह ला दोन तऱ्हांनी जोडला जातो, आणि हा फरक अर्थाला भिडतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एकदा गुरुजी येतात, एकदा स्वयंपाकी. उच्चारात भेद आघाताचा आहे. ‘दर्या’त पहिल्या अक्षरावर आघात येतो आणि वृत्तात ते गुरू होते. ‘दऱ्या’त आघात येत नाही, द लघूच राहतो. आमच्या वाक्यात हे दोन्ही र् शेजारी नांदतात, ‘दुसऱ्या’ आणि ‘प्राचार्यांचे’. एकाच माणसाने एक बरोबर आणि एक चूक लिहिला असेल तर आधी संगणकाकडे संशयाने पाहावे. (अशी आघातहीन जोडाक्षरे मराठीत इतरही आहेत, ‘तुझ्या’, ‘माझ्या’ म्हणून पाहा. पण वेगळे चिन्ह मिळाले ते फक्त र ला. वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा यांचे नशीब चांगले.)

संगणकाकडे का, तर हा ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेले ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा एक जोडक. प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक लिहिला तर दोन्ही असे दिसतात, जोडकाचा क्रमांक 200D:

```
दुसऱ्या   0926 0941 0938 0931 094D 092F 093E
दुसर्‍या   0926 0941 0938 0930 094D 200D 092F 093E
```

डोळ्याला दोन्ही एक. पण शोधताना अनेक ठिकाणी एक टाकले तर दुसरे सापडत नाही, आणि दोन मजकूर ताडून पाहणारी साधने यांना दोन वेगळे शब्द समजतात. खरी अडचण पुढे आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना न दिसणारी चिन्हे ‘स्वच्छ’ केली जातात आणि 200D हा जोडक गळतो. उरतो साधा र, हलन्त, य. त्याचा रफार होतो आणि पडद्यावर ‘दुसर्या’ दिसते. लेखकाने बरोबर टाइप केलेले असते. ज्या मजकुरात सगळेच ऱ्य एकजात र्य झाले आहेत, तेथे हेच घडले असण्याची शक्यता मोठी. ज्यात काही बरोबर आणि काही चुकीचे आहेत, तेथे लिहिणाऱ्याचा किंवा दोन ठिकाणांहून मजकूर उचलून चिकटवणाऱ्याचा हात आहे. उपाय साधा आहे: पहिला प्रकार वापरा, त्यात गळण्यासारखे काही नाही.

शेवटी ‘महत्व’, ज्यावरून सर्वांत जास्त वाद होतात. महत् ला त्व लागून महत्त्व. तत् ला त्व लागून तत्त्व, सत् ला त्व लागून सत्त्व. मूळ शब्द त् ने संपत असेल तर दोन त, नसेल तर एक: अस्तित्व, नेतृत्व, मातृत्व, कवित्व. ‘व्यक्तित्व’ला एक, ‘व्यक्तिमत्त्व’ला दोन. नियम पक्का आहे आणि मी तो पाळतो. पण तो कानाने पडताळता येत नाही. ‘अस्तित्व’ आणि ‘महत्त्व’ मोठ्याने म्हणा. आघातामुळे दोन्हीकडे त सारखाच दाट वाजतो. ‘महत्व’ वाचून कोणी दुसरा अर्थ घेत नाही, ‘महत्व’ नावाचा दुसरा शब्दही मराठीत नाही. ही चूक केवळ शब्दाच्या घडणीचे भान नसल्याची आहे. भान असावे, याबद्दल वाद नाही. पण भान न देता नुसते ‘दोन त लिही’ असे बजावले की काय होते तेही दिसतेच: ‘अस्तित्त्व’, ‘नेतृत्त्व’. घाबरलेला माणूस सगळीकडे दोन त घालतो. मला विचाराल तर ‘नेतृत्त्व’ हे ‘महत्व’पेक्षा वाईट लक्षण आहे. ‘महत्व’ लिहिणारा निदान ऐकून लिहीत असतो.

यावर दोन बाजूंनी हरकत येते. एक बाजू म्हणते, चूक ती चूक, तिचे वजन करत बसलात तर प्रमाणलेखन उरणार नाही. छापायच्या मजकुराबद्दल हे मला पूर्ण मान्य आहे. तेथे सहाच्या सहा दुरुस्त झाल्या पाहिजेत, आणि कोशात शब्द शोधणाऱ्याला एकच रूप सापडले पाहिजे. पण छापण्यापूर्वी दुरुस्त करणे आणि शिकणाऱ्याचे गुण कापणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्या कामात सहा सारखी वर्तुळे काढणारा शिकणाऱ्याला काहीच सांगत नाही. कुठे ऐकायचे, कुठे अर्थ विचारायचा, कुठे शब्दाची घडण पाहायची आणि कुठे फक्त कळफलक बदलायचा, हे त्याला कळत नाही.

दुसरी बाजू म्हणते, भाव कळला की झाले, टिंबाचे एवढे काय. तिला मी ते शुल्काचे वाक्य पुन्हा वाचायला देईन. भाव तेथे टिंबावरच अडकलेला आहे. शिवाय ‘भाव कळला’ हे वाचणाऱ्याने म्हणायचे असते, लिहिणाऱ्याने नव्हे.

तेव्हा ते वाक्य माझ्यापुढे उत्तरपत्रिकेत आले, तर ‘विद्यार्थ्यांसाठी’चे टिंब गेल्याबद्दल पूर्ण गुण कापीन, ‘प्राचार्यांचे’बद्दलही. ‘विध्यार्थी’ आणि ‘पध्दत’ यांना अर्धा अर्धा, आणि ‘पध्दत’पुढे समासात ‘पद् + हति’ लिहीन. ‘महत्व’ला गुण कापणार नाही, ‘महत् + त्व’ एवढे लिहीन, आणि पुढच्या वेळी तीच चूक दिसली तर मग कापीन. ‘दुसर्या’ हाताने लिहिलेले असेल तर अर्धा गुण. संगणकावरून आलेले असेल तर शून्य, आणि ज्याने मजकूर चढवला त्याला युनिकोड क्रमांकांची ती वरची पहिली ओळ पाठवीन.